शून्यापाशी x cot x आणि 1/sin²x − 1/x² : एका प्रश्नाची तीन उत्तरे

सांगलीत विश्रामबागेतील माझ्या शिकवणीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले संध्याकाळी येतात. काही गावातली, काही मिरजेहून आणि काही तासगावहून एसटीने येणारी. एका शनिवारच्या सराव-चाचणीत मी सीमेवर, म्हणजे वर्गात ज्याला सगळेच लिमिट म्हणतात त्यावर, दोन भागांचा एक प्रश्न घातला होता. पहिल्या भागात x शून्याकडे जाताना x cot x ची सीमा काढायची होती, आणि दुसऱ्या भागात त्याच स्थितीत पुढील वजाबाकीची:

1/sin²x − 1/x²

अकरा वह्या जमा झाल्या. पहिल्या भागाचे उत्तर एक वही सोडता सगळ्यांचे सारखे होते. दुसऱ्या भागाची मात्र तीन वेगवेगळी उत्तरे आली, ० , १ आणि १/३, आणि प्रत्येक उत्तरामागे ओळीने मांडलेली, वरवर पाहता निर्दोष वाटणारी रीत होती. चुकीच्या दोन्ही रीतींचा उगम पहिल्या भागाच्या बरोबर उत्तरातच होता, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवण्याजोगे वाटले.

पहिला भाग थोडक्यात उरकता येतो. x शून्याकडे जाताना cot x अमर्याद वाढतो आणि x नाहीसा होतो, त्यामुळे गुणाकार कुठे जाईल हे नुसते पाहून सांगता येत नाही. वेगळ्या पडलेल्या त्या एका वहीत “शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य” असे लिहिले होते. पण अनंत हे ‘काहीही’मध्ये मोडत नाही, एवढेच त्यावर सांगावे लागले. बाकीच्यांनी cot x फोडून पुढीलप्रमाणे लिहिले:

x cot x = cos x · (x / sin x)

येथे cos x एकाकडे जातो, x / sin x हे गुणोत्तरही एकाकडे जाते, म्हणून सीमा १. कोन रेडियनमध्ये मोजलेला आहे हे यात गृहीत धरलेले असते. ज्यांचे कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहून गेले होते त्यांना पडताळा घेताना एकाऐवजी ५७.२९ च्या आसपासचा आकडा दिसला. हा आकडा म्हणजे १८० भागिले π, आणि तो दिसला की चूक गणितात नसून कॅल्क्युलेटरच्या बटणात आहे हे लगेच ओळखावे.

आता दुसऱ्या भागाकडे. शून्य उत्तर लिहिणाऱ्यांत मिरजेचा एक विद्यार्थी होता आणि त्याने आपली बाजू स्पष्ट मांडली. “सर, पहिल्या भागात sin x च्या जागी x लिहिला तर उत्तर बरोबर आलं. मग इथेही sin²x च्या जागी x² लिहिला, तर 1/x² वजा 1/x², म्हणजे शून्य. एकदा चाललेली गोष्ट दुसऱ्यांदा का चालू नये?” हा प्रश्न रास्त आहे आणि “वजाबाकीत असे करायचे नसते” या एका वाक्याने त्याची बोळवण करणे मला पटत नाही, कारण नियम पाठ झाला तरी त्यामागचे कारण डोक्यात शिरत नाही.

कारण आकड्यांत पाहिले तर सोपे आहे. x = ०.०१ घेतला तर 1/x² म्हणजे बरोबर दहा हजार. sin x हा x पेक्षा किंचित लहान असतो आणि त्याचा वर्ग x² पेक्षा किती लहान असतो हे विस्तारावरून कळते:

sin²x = x² − x⁴/3 + …

म्हणजे sin²x हा x² पेक्षा सुमारे x²/3 या प्रमाणात कमी आहे, आणि x = ०.०१ ला हे प्रमाण तीस हजारांत एक इतके भरते. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष केले तर काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु छेद तीस हजारांत एक इतका लहान झाला की भागाकार तेवढ्याच प्रमाणात मोठा होतो, आणि भागाकार आहे दहा हजार. दहा हजारांचा तीस हजारावा हिस्सा म्हणजे १/३. आता x = ०.००१ घ्या: 1/x² झाले दहा लाख, फरकाचे प्रमाण झाले तीस लाखांत एक, आणि दहा लाखांचा तीस लाखावा हिस्सा पुन्हा १/३. x कितीही लहान केला तरी एकीकडे फरक ज्या वेगाने आटतो त्याच वेगाने दुसरीकडे ज्या रकमेचा तो हिस्सा आहे ती रक्कम फुगते, आणि उरतो तो नेहमी १/३ च्या जवळचा आकडा. sin x च्या जागी x लिहिताना मिरजेच्या विद्यार्थ्याने टाकून दिले ते नेमके हेच, आणि दोन्ही मोठ्या रकमा एकमेकींना खाऊन टाकत असल्यामुळे या प्रश्नात तेवढेच काय ते शिल्लक राहणार होते.

पहिल्या भागात ते चालले, कारण तिथे sin x गुणाकारातला एक अवयव म्हणून होता. sin x / x हे गुणोत्तर एकाकडे जाते याचा अर्थ दोघांतला फरक त्यांच्या स्वतःच्या मानाने नगण्य होतो, आणि गुणाकार-भागाकाराला एवढेच पुरेसे असते. वजाबाकीला मात्र फरकच हवा असतो, आणि त्याबद्दल ते गुणोत्तर काहीच सांगत नाही.

दुसरे चुकीचे उत्तर, म्हणजे १, हे मला अधिक मनोरंजक वाटले, कारण ते तासगावच्या एका हुशार विद्यार्थिनीचे होते आणि तिने कुठेही sin x ला हात लावला नव्हता. तिने 1/sin²x = 1 + cot²x ही ओळखीची नित्यसमानता वापरली आणि पदावली अशी मांडली:

1/sin²x − 1/x² = 1 + (x² cot²x − 1)/x²

इथपर्यंत सगळे बरोबर आहे, इतकेच नव्हे तर ही मांडणी सुंदरही आहे, कारण तिच्यामुळे दुसरा भाग पहिल्या भागाशी जोडला जातो. पुढे तिने लिहिले: “पहिल्या भागावरून x cot x ची सीमा १, म्हणून अंश 1 − 1 = 0, म्हणून उत्तर १.” अंशातील x ला शून्यावर नेऊन ठेवले आणि छेदातील x² ला मागे सोडून दिले, ही ती चूक. एकाच पदावलीतला x एका जागी पोहोचला आणि दुसऱ्या जागी अजून वाटेतच आहे, असे होऊ शकत नाही. अंश शून्याकडे जातो आहे आणि छेदही, तेव्हा अंश किती वेगाने शून्याकडे जातो हे विचारायला हवे होते. x cot x एकाकडे जातो एवढ्या माहितीत त्या वेगाचा पत्ता नाही.

तिच्याच मांडणीतून बरोबर उत्तर काढणे मात्र अवघड नाही, आणि फळ्यावर मी तेच केले. अंशाचे अवयव पाडले की मिळते:

1 + (x cot x + 1) · (x cot x − 1)/x²

पहिला कंस दोनाकडे जातो, आणि येथे पहिल्या भागाचे उत्तर वापरायला काहीच हरकत नाही, कारण तो आता अवयव आहे. दुसऱ्या अवयवासाठी cot x फोडून घेतला:

(x cot x − 1)/x² = (x cos x − sin x)/(x² sin x)

छेदातील sin x हाही अवयवच आहे, म्हणून त्याच्या जागी x घेऊन छेद x³ करता येतो. मग लॉपिताल यांच्या नियमाने अंश आणि छेद या दोघांचे विकलन केले, तर अंशात cos x − x sin x − cos x, म्हणजे फक्त −x sin x उरतो आणि छेदात 3x². त्यांचे गुणोत्तर −१/३ कडे जाते. आता सगळे एकत्र ठेवले की 1 + 2 · (−1/3) = 1/3. विद्यार्थिनीच्या वहीत ही सारी वाट आधीच आखलेली होती. तिने शेवटच्या वळणावर “एक वजा एक शून्य” म्हणून वही मिटली, इतकेच.

दोन चुकीची उत्तरे ० आणि १ हीच का आली, २ किंवा −१ का आले नाही, यालाही कारण आहे. शून्य ते काटकोन यांमधील कोणत्याही x साठी sin x < x < tan x हे आपण एकक वर्तुळावरून दाखवतो. तिन्हींचे वर्ग करून व्यस्त घेतले तर क्रम उलटतो आणि मिळते:

cot²x < 1/x² < 1/sin²x

डावीकडच्या आणि उजवीकडच्या टोकांत नेहमी बरोबर एकाचे अंतर असते, मग दोघेही आकडे लाखांत असोत की कोटींत. त्या एक एकक रुंदीच्या पट्टीत 1/x² कुठेतरी बसलेला आहे, आणि आपला प्रश्न एवढाच आहे की तो वरच्या टोकापासून किती अंतरावर बसला आहे. sin x च्या जागी x लिहिणे म्हणजे 1/x² ला वरच्या टोकावर नेऊन चिकटवणे, त्यामुळे अंतर शून्य येते. x cot x च्या जागी १ लिहिणे म्हणजे cot²x ला 1/x² समजणे, अर्थात 1/x² ला खालच्या टोकावर चिकटवणे, त्यामुळे अंतर एक येते. खरे स्थान वरून एक तृतीयांश आणि खालून दोन तृतीयांश अंतरावर आहे. या असमानतेवरून ० आणि १ ही उत्तरे आपोआप बाद होत नाहीत, हे येथे सांगून ठेवायला हवे, कारण पट्टीच्या आतच राहणारी राशी सीमेत टोकाला जाऊन टेकू शकते. उत्तर ० पेक्षा कमी किंवा १ पेक्षा जास्त असणार नाही, एवढीच हमी तिच्यातून मिळते.

टोके बाद करायची तर ओळखीच्या कोनांवर किमती काढून पाहाव्यात, त्यासाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही. π² = ९.८६९६ घेतले तर x = π/2 ला किंमत 1 − 4/π², म्हणजे ०.५९५; x = π/4 ला 2 − 16/π², म्हणजे ०.३७९; आणि x = π/6 ला 4 − 36/π², म्हणजे ०.३५२. आकडे उतरत आहेत, म्हणून एकाकडे जाण्याचा प्रश्न उरत नाही, आणि उतरण्याचा वेग इतका मंदावत आहे की ते शून्यापर्यंत पोहोचतील असेही दिसत नाही. हा पुरावा नव्हे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तर लिहून झाल्यावर दोन मिनिटे उरली असतील तर चूक पकडायला तो पुरतो.

बरोबर उत्तर आणलेल्या वह्यांपैकी एकीत पूर्ण पानभर लॉपिताल होता. त्या विद्यार्थ्याने पदावली (x² − sin²x)/(x² sin²x) अशी करून घेतली आणि जशीच्या तशी चार वेळा विकलित केली. चौथ्या वेळी अंशात 8 cos 2x आणि छेदात 24 cos 2x − 32x sin 2x − 8x² cos 2x आले, आणि ८ भागिले २४ म्हणजे १/३. रीत बरोबर आहे, गुणही पूर्ण दिले. पण छेदातील गुणाकाराचे विकलन चार वेळा करताना एखादे चिन्ह किंवा एखादा २ निसटण्याची शक्यता पानागणिक वाढते. विकलन सुरू करण्यापूर्वी छेदातील sin²x च्या जागी x² घेतला, तर खाली नुसता x⁴ राहतो. हा अदलाबदल छेदात चालतो आणि अंशात चालत नाही. का, ते वर आलेच आहे. मग अंशाचे अवयव पाडून

(x − sin x)/x³ · (x + sin x)/x

असे लिहिले की पहिल्याची सीमा १/६, दुसऱ्याची २, आणि गुणाकार १/३. पानभराचे काम तीन ओळींत होते. पहिल्याची १/६ कशी आली हे एक ओळ लिहून दाखवावे: एकदा विकलन केल्यावर (1 − cos x)/(3x²) राहते आणि त्याची सीमा सर्वांना माहीत असते.

मिरजेच्या विद्यार्थ्याचे एवढ्यावर समाधान झाले नाही. त्याने घरी पडताळा घेतला होता आणि त्याला शून्य दिसले होते. साइनचे कोष्टक आणि कागद घेऊन, प्रत्येक पायरीला दहा सार्थ अंक ठेवून त्याने हिशेब केला होता, आणि त्याची वही मी पाहिली तेव्हा आकडेमोडीत एकही चूक नव्हती. x = ०.१ ला ०.३३४००११, x = ०.०१ ला ०.३३३३४, x = ०.००१ ला ०.३३३, x = ०.०००१ ला ०.३ आणि x = ०.००००१ ला शून्य. “जसजसं शून्याजवळ जावं तसतशी किंमत कमी होते आहे, सर, आणि शेवटी शून्यच होते,” हे त्याचे म्हणणे.

उसाची ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा चढवून फरकावरून उसाचे वजन काढतात, ते ठीक आहे. पण ड्रायव्हरच्या खिशातल्या किल्लीचे वजन त्याच काट्यावर, किल्लीसह आणि किल्लीशिवाय ट्रॉली चढवून काढायला गेले तर काटा दोन्ही वेळा तोच आकडा दाखवील. x = ०.००००१ ला दोन्ही राशी हजार कोटींच्या घरात असतात, म्हणजे पूर्णांकांनाच अकरा जागा लागतात, आणि दहाच अंक ठेवल्यावर १/३ लिहायला जागाच उरत नाही. किंबहुना त्याआधीच, sin x दहा अंकांत लिहिताना तो x च होऊन बसतो, आणि पुढची सगळी वजाबाकी म्हणजे मिरजेच्या विद्यार्थ्याने मनाने केलेलीच चूक आकडेमोडीने पुन्हा केलेली असते.

कोणत्या ओळीपर्यंतचे आकडे विश्वासार्ह आहेत हे ओळखता येते. शून्याजवळ या राशीचा विस्तार 1/3 + x²/15 + … असा आहे, म्हणून x दहापट लहान केला की १/३ पासूनचे अंतर शंभरपट घटायला हवे. पहिल्या ओळीत ते अंतर सुमारे ०.०००६७ आहे, दुसऱ्या ओळीत ०.०००००६७, म्हणजे शंभरपट कमी, अगदी अपेक्षेप्रमाणे. तिसऱ्या ओळीत ते आणखी शंभरपट कमी व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ०.०००३३ म्हणजे वाढलेले आहे. तेव्हा दुसऱ्या ओळीनंतर जे घटताना दिसते ते फलन नसून शिल्लक राहिलेल्या अंकांची संख्या आहे. संगणक सुमारे सोळा अंक ठेवतो म्हणून तिथे ही वेळ उशिरा येते, पण येते:

```python
from math import sin
for k in range(1, 9):
    x = 10.0**(-k)
    print(x, 1/sin(x)**2 - 1/x**2)
```

यात शेवटच्या ओळीला, x = 1e-8 असताना, 0.0 छापले जाते, कारण तेथे sin x आणि x हे संगणकाच्या दृष्टीने एकच आकडा असतात. ज्याला ही किंमत प्रोग्रॅममध्ये खरोखर लागणार आहे त्याने लहान x साठी वजाबाकी टाळून विस्तारच वापरावा:

```python
def f(x):
    if abs(x) < 0.025:
        return 1/3 + x*x/15 + 2*x**4/189
    return 1/sin(x)**2 - 1/x**2
```

०.०२५ ही हद्द अंदाजाने ठोकलेली नाही. वजाबाकीतली चूक x लहान होताना 1/x² च्या प्रमाणात वाढते, विस्तारात सोडून दिलेले पुढचे पद x⁶/675 हे x मोठा होताना वाढते, आणि सोळा अंकांच्या हिशेबात दोघे साधारण या ठिकाणी समान होतात. विस्तारात एखादे पद वाढवले तर हद्द उजवीकडे सरकते.

पुढच्या शनिवारी मी 1/x² − cot²x ची सीमा विचारली. मिरजेच्या विद्यार्थ्याने विस्तार मांडून पाव पानात २/३ आणले. तासगावच्या विद्यार्थिनीच्या वहीत दोनच ओळी होत्या: एक एकक रुंदीच्या पट्टीची आडवी आकृती, तिच्यावर वरून एक तृतीयांशावर खूण, आणि खाली 1 − 1/3 = 2/3.